पीईजी १ च्या खाली म्हणजे स्वस्त का? आणि वाढीसाठी जास्त पीई कधी मोजावा?

केतकी_नाशिक | शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी औषधदुकान चालवते. २०१९ पासून थोडं थोडं शेअरमध्ये टाकते. सुरुवातीला एका ओळखीच्यांनी सांगितलं होतं की नुसता पीई, म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा, बघू नकोस, पीईला नफ्याच्या वाढीने भाग, तो पीईजी. पीई ३० आणि वाढ ३० टक्के, तर उत्तर १, भाव रास्त. १ च्या खाली स्वस्त, २ च्या वर महाग. मला ते फार पटलं. मग चाळणी लावून १ च्या खालचेच शेअर निवडायला लागले.

२०२२ मध्ये अशीच एक रसायन कंपनी मिळाली. पीई १४, मागच्या तीन वर्षांत नफा दरसाल ४५ टक्क्यांनी वाढलेला. पीईजी ०.३! मी माझ्या मानाने बरीच मोठी रक्कम लावली. पुढच्या दोन वर्षांत तिचा नफा निम्म्यावर आला आणि भाव ५५ टक्क्यांनी खाली. त्याच वेळी एक किराणा-कपड्यांची दुकानसाखळी मी सोडून दिली होती, कारण पीईजी ३ च्या वर होता. ती अजूनही महागच आहे आणि अजूनही वाढतेच आहे.

तर प्रश्न असा: पीईजीवर भरवसा ठेवायचा की नाही? आणि ७०-८० पीई देणं कधी शहाणपणाचं ठरतं, हे आधी कळायला काही मार्ग आहे का?

---

सरळहिशोब | शनिवार, सकाळी १०:४०

ताई, सूत्र चुकीचं नाही, तुमची कंपनी चुकीची होती. पीटर लिंच यांनी १९७७ ते १९९० फिडेलिटीचा मॅगेलन फंड सांभाळला तो याच विचाराने. रास्त भाव असलेल्या कंपनीचा पीई तिच्या वाढीइतका असतो, हे त्यांचंच म्हणणं. मी गेली आठ वर्षं पीईजी १ च्या वर एकही शेअर घेतलेला नाही आणि मुद्दलाला कधी धक्का लागलेला नाही. फक्त दहा-बारा कंपन्यांत विभागून घ्या, एकीत मोठी रक्कम नको.

---

ओंकार_के | शनिवार, सकाळी ११:०५

माझ्याकडे एका संरक्षण क्षेत्रातल्या कंपनीचा शेअर आहे. पीई ६०, पण गेल्या वर्षात ८० टक्के वाढलाय. म्हणजे पीईजी ०.७५ आला. अजून घ्यावा का?

---

केतकी_नाशिक | शनिवार, सकाळी ११:२०

@ओंकार, ८० टक्के काय वाढलं, नफा की भाव?

---

ओंकार_के | शनिवार, सकाळी ११:२४

भाव. नफा बघितला नाही, बघून सांगतो.

---

अण्णा_सातारा | शनिवार, दुपारी १:५०

ओंकार, तो आकडा तेवढा आधी नीट करून घ्या. भागायचं ते नफ्याच्या वाढीने, तेही प्रति शेअर. भावाच्या वाढीने भागलंत तर शेअर जितका वर जाईल तितका तो तुम्हाला स्वस्त दिसत राहील. नेमकं उलटं होईल.

केतकीताई, मी कॉस्ट अकाउंटंट होतो, आता निवृत्त. सगळं एकदम लिहिणं जमणार नाही, म्हणून आधी तुमच्या रसायन कंपनीबद्दल. पीईजी काढताना तुम्ही वाढ कुठली घेतलीत? मागच्या तीन वर्षांची. पण तुम्ही पैसे मोजताय ते पुढच्या वाढीसाठी. मागची वाढ पुढे चालू राहील असं चाळणीने गृहीत धरलं आणि तुम्ही ते मान्य केलंत.

टाटा स्टीलचं बघा. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात एकत्रित नफा सुमारे ८,२०० कोटी. पुढच्या वर्षी पोलादाचे भाव कडाडले आणि नफा सुमारे ४१,७०० कोटी झाला, म्हणजे पाचपट. मार्च २०२२ ला शेअरचा पीई होता ४ च्या आसपास. मागच्या वाढीने भागा, पीईजी येतो ०.०१. जगात याहून स्वस्त काही असूच शकत नाही असं वाटेल. त्याच्या पुढच्या वर्षी नफा परत सुमारे ८,१०० कोटी. कंपनी वाईट नव्हे, तिचा धंदाच चक्राचा आहे. ज्या मालाचा भाव बाजार ठरवतो, तिथे पीईजी सर्वांत कमी दिसतो तो नेमका चक्राच्या माथ्यावर. तुमच्या रसायनाचं तसंच झालं असावं. विक्रीचे टन वाढले होते की फक्त दर, हे त्या वेळच्या अहवालात बघा.

---

केतकी_नाशिक | शनिवार, दुपारी २:१५

अण्णा, आत्ताच जुना अहवाल उघडून बघितला. टन तीन वर्षांत मिळून ११ टक्के वाढले होते. विक्री दुप्पट झाली होती. म्हणजे जवळजवळ सगळी वाढ दराची. हे तेव्हाही त्याच पानावर होतं, मी वाचलं नव्हतं.

---

सरळहिशोब | शनिवार, दुपारी २:३०

चक्राच्या कंपन्या मीही वगळतोच. पण त्या वगळल्यावर सूत्र चालतं की नाही? पीईजी २-३ देऊन कुणाचं भलं झालंय? २००० साली इन्फोसिस घेतलेल्यांना विचारा.

---

अण्णा_सातारा | शनिवार, संध्याकाळी ७:३५

विचारा म्हणताय तर सांगतो, कारण मी त्यातलाच एक. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९९३ मध्ये बाजारात आली. मी पहिल्यांदा घेतली २००० च्या मार्चमध्ये, म्हणजे सर्वांत वाईट वेळी, आणि पुन्हा घेतली २००१ च्या एप्रिलमध्ये. एकाच कंपनीतल्या माझ्या या दोन खरेद्या मी आजही कागदावर मांडून बघतो. आकडे गोळाबेरीज करून देतो.

मार्च २००० अखेर कंपनीचं बाजारमूल्य सुमारे ५९,००० कोटी, वर्षाचा नफा सुमारे २९० कोटी. पीई २०३. आदल्या वर्षी नफा दुपटीहून जास्त झाला होता, वाढ ११५ टक्क्यांच्या वर. म्हणजे पीईजी १.७ च्या आसपास. आमच्या ऑफिसात लोक म्हणायचे, २०३ ला घाबरू नका, वाढ बघा.

आता पुढे काय झालं ते बघा. कंपनी बिघडली का? अजिबात नाही. मार्च २००५ पर्यंत नफा सुमारे १,८५० कोटी झाला. पाच वर्षांत सहापटीहून जास्त, दरसाल ४५ टक्के. अशी वाढ देणाऱ्या मोठ्या कंपन्या एका पिढीत बोटावर मोजण्याइतक्या. आणि मार्च २००५ ला बाजारमूल्य होतं सुमारे ६१,००० कोटी. पाच वर्षांत ५९ चे ६१. नफा सहापट, माझ्या हातात जवळपास शून्य, कारण पीई २०३ वरून ३३ वर आला.

दुसरी खरेदी. मार्च २००१ अखेर बाजारमूल्य सुमारे २७,००० कोटी, नफा ६३० कोटी, पीई ४३. लोक तेव्हाही महागच म्हणत होते. सरकारी रोखे १० टक्क्यांच्या पुढे व्याज देत होते, तिथे ४३ म्हणजे काय! पुढच्या पाच वर्षांत नफा सुमारे २,४५० कोटी झाला, दरसाल ३१ टक्के. बाजारमूल्य ८२,००० कोटी, दरसाल २५ टक्के. वर लाभांश वेगळा. पुढे जी वाढ प्रत्यक्षात झाली तिच्यावर काढलं तर त्या दिवशीचा पीईजी १.४ होता. तुमच्या नियमाने तो शेअर घ्यायला नको होता, @सरळहिशोब.

---

सरळहिशोब | शनिवार, रात्री ८:०५

अण्णा, हे पश्चातबुद्धीचं झालं. २००१ मध्ये पुढे ३१ टक्के होणार हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं? मागच्या वाढीवर काढला असता तर पीईजी ०.४ आला असता आणि माझ्या नियमानेही तो घेता आला असता.

---

अण्णा_सातारा | शनिवार, रात्री ८:५०

बरोबर. ठाऊक नव्हतं. आणि मागच्या वाढीने ०.४ यायचा हेही खरं. पण त्याच रीतीने २००० चा १.७ आला होता. प्रत्यक्ष झालेल्या ४५ टक्क्यांवर काढला असता तर तो ४.५ निघतो. मागची वाढ घेतली की चांगलं आणि वाईट दोन्ही स्वस्त दिसतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

---

निखिल_बंगळूरु | शनिवार, रात्री ९:३०

मी त्या काळात आयटीतच होतो, दुसऱ्या कंपनीत. हे वाचताना एक आठवलं. २००१ मध्ये ताळेबंदात काही दिसायच्या आधी आम्हाला दिसलं ते तासाच्या दरात. जुने ग्राहक करार नव्याने करताना दर खाली ओढायला लागले. वायटूकेचं काम संपलं होतं आणि डॉटकॉमवाले ग्राहक बंद पडत होते. नफा अजून वाढत होता, पण आमच्या मजल्यावर कामाविना बसलेल्यांची संख्या महिन्यागणिक वाढत होती.

पीईजी १ च्या नियमात मला आणखी एक खटकतं. तो सगळ्या वेगांना एकच माप लावतो. स्प्रेडशीटमध्ये हे टाकून बघा:

```
=20*((1+0.25)/(1+0.13))^10
```

२० म्हणजे दहा वर्षांनी कंपनी सर्वसामान्य झाल्यावर मिळेल असा पीई, ०.२५ वाढ, ०.१३ मला हवा असलेला परतावा, १० वर्षं. लाभांश धरलेला नाही. उत्तर येतं ५५. म्हणजे २५ टक्के वाढ खरोखर दहा वर्षं टिकणार असेल तर पीई ५५, पीईजी २.२ देऊनही मला १३ टक्के मिळतात. तीच वाढ पाचच वर्षं टिकणार असेल तर उत्तर ३३, पीईजी १.३. वेग तोच असूनही रास्त पीई ३३ ते ५५ असा हलतो, आणि हलवतंय कोण तर वर्षांची संख्या. ती पीईजीत कुठेच नाही.

---

केतकी_नाशिक | शनिवार, रात्री १०:००

निखिल, हे मी करून बघितलं. वाढ १५ टक्के टाकली, दहा वर्षं, तर उत्तर जेमतेम २४ येतं. २५ टक्क्यांना ५५ आणि १५ ला २४. इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

---

भोसरीकर | रविवार, सकाळी ७:१५

अण्णा, निखिल, मी शेअरवाला नाही. माझं भोसरीत मशीनशॉप आहे, सीएनसीवर वाहनउद्योगाचे पार्ट करतो. पण वाढीबद्दल जे चाललंय ते माझ्या रोजच्या जगण्यातलं आहे म्हणून लिहितो.

गेली चार वर्षं माझा नफा दरसाल २०-२२ टक्क्यांनी वाढतोय. मित्र म्हणतात, तुझं चांगलं चाललंय. घरात विचाराल तर बायको म्हणते, पैसा दिसतच नाही. ती खरं बोलते. ऑर्डर वाढली की नवी मशीन, ४०-४५ लाखांची. मशीनबरोबर टूलिंग, माणूस, शेडची जागा. मोठा ग्राहक ९० दिवसांनी पैसे देतो, पोलादवाल्याला मात्र मला ३० दिवसांत द्यावे लागतात. मधले ६० दिवस माझ्या खिशातून. ऑर्डर २० टक्के वाढली की उधारीही २० टक्के वाढते. वर्षाअखेर नफा कागदावर आणि पैसा ग्राहकाकडे.

माझा भाऊ सांगलीत एका मशिनरी कंपनीचा वितरक आहे. त्याचा नफा माझ्याएवढाच आणि वाढही तेवढीच. पण माल कंपनीचा, पैसे ग्राहक आगाऊ देतो. त्याच्याकडे दरवर्षी पैसे उरतात, दोन वर्षांपूर्वी त्याने घर बांधलं. उद्या आम्ही दोघं धंदा विकायला काढला तर तुमचा पीईजी दोघांना एकच भाव देईल का?

---

अण्णा_सातारा | रविवार, सकाळी ९:४०

भोसरीकर, तुम्ही जे लिहिलंत ते या धाग्यातलं सर्वांत कामाचं आहे. हो, पीईजी दोघांना एकच भाव देईल, आणि तो चुकीचा असेल.

तुमचाच हिशोब सोप्या आकड्यांत मांडतो. समजा दोघांचा नफा १ कोटी आणि दोघांना पुढच्या वर्षी तो १ कोटी २० लाख करायचाय. तुमच्या धंद्यात नव्याने घातलेल्या १०० रुपयांवर वर्षाला २० रुपये सुटत असतील, तर जादा २० लाख मिळवायला १ कोटी घालावे लागतात. म्हणजे सगळा नफा. भावाच्या धंद्यात १०० वर ५० सुटत असतील तर त्याला ४० लाख पुरतात, ६० लाख घरी नेता येतात. वाढ दोघांची २० टक्के. पण त्याला ती ४० पैशांत पडते आणि तुम्हाला रुपयात.

म्हणून मी जास्त पीई द्यायचा विचार करताना वाढीच्या आधी हे बघतो की नव्या भांडवलावर किती सुटतं. जुन्या नव्हे, नव्या. तीन-चार वर्षांत नफा किती वाढला आणि त्या काळात धंद्यात भांडवल किती घातलं, एकाला दुसऱ्याने भागायचं. २००१ च्या खरेदीत माझं डोकं शांत होतं ते यामुळे. कर्ज नव्हतं, आणि मिळवलेला पैसा सगळा आत ओतावा न लागताही नफा वाढत होता.

आणि नव्या भांडवलावर १२-१३ टक्केच सुटत असतील, म्हणजे गुंतवणूकदाराला हवा तेवढाच परतावा, तर वाढीला काही किंमतच नाही. ती कंपनी ३० टक्क्यांनी वाढली काय आणि ५ टक्क्यांनी वाढली काय, तुमच्यासाठी सारखंच.

---

सरळहिशोब | रविवार, सकाळी १०:२०

हा मुद्दा मला मान्य आहे. मी कर्ज बघतो, पण नव्या भांडवलावरचा परतावा असा वेगळा काढून कधी बघितला नव्हता. मात्र लिंच यांच्या नावावर अन्याय नको. ते वाढीत लाभांशाचा टक्काही मिळवायचे. भोसरीकरांच्या भावासारखा धंदा जास्त लाभांश देतो, म्हणजे त्याचा थोडा हिशोब तिथे होतोच.

---

अण्णा_सातारा | रविवार, सकाळी १०:४५

होतो, आणि ते तुम्ही आठवण करून दिलंत हे चांगलं झालं. फक्त पैसा उरतो पण वाटत नाही अशा कंपन्या त्यातून निसटतात. आपल्याकडच्या चाळण्यांत बहुधा लाभांश मिळवलेला नसतो.

---

केतकी_नाशिक | रविवार, दुपारी १२:३०

अण्णा, माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. २००० मध्ये २०३ पीई जास्त होता हे त्या दिवशी कळण्याचा काही मार्ग होता का? की सगळं नंतरच कळतं?

---

अण्णा_सातारा | रविवार, दुपारी ४:१०

होता. मी तो तेव्हा केला नाही. उलटा हिशोब करायचा. वाढ किती होईल याचा अंदाज बांधत बसायचं नाही. भावाने किती वाढ आधीच धरलेली आहे ते काढायचं आणि ती माणसांत, दुकानांत, टनांत बदलून बघायची.

मार्च २०००. मला दरसाल १५ टक्के हवेत, कारण रोखेच १० च्या पुढे देत होते. ५९,००० कोटी पाच वर्षांत १५ टक्क्यांनी दुप्पट व्हायला हवेत, म्हणजे सुमारे १,१८,६०० कोटी. पाच वर्षांनी पीई ३३ मिळेल असं उदारपणे धरू. मग नफा हवा ३,६०० कोटी. २९० चे ३,६००, दरसाल ६५ टक्के, सलग पाच वर्षं.

आता हे माणसांत बदला. मार्च २००० ला कंपनीत सुमारे ५,४०० माणसं होती. २९० कोटीला भागलं तर माणशी नफा साडेपाच लाखांच्या आत. सेवेचा धंदा, माणशी नफा फार वाढत नाही. ५ लाख धरले तर ३,६०० कोटींना ७२,००० माणसं लागतात. म्हणजे पाच वर्षांत ६६,००० इंजिनियर भरती करायचे, शिकवायचे, आणि प्रत्येकाला काम द्यायचं, तेही दर न पाडता. २००० साली ज्याने हा कागद केला असता त्याला पीई २०३ चा अर्थ कळला असता.

प्रत्यक्षात मार्च २००५ ला माणसं होती सुमारे ३६,७५०, आणि माणशी नफा ५ लाख. तेवढाच! ७२,००० चा टप्पा कंपनीने मार्च २००७ ला ओलांडला आणि त्या वर्षी नफा ३,८०० कोटींच्या पुढे गेला. भावात धरलेली गोष्ट खरी झाली, फक्त पाचऐवजी सात वर्षांनी. बाजारमूल्य तेव्हा सुमारे १,१५,००० कोटी. माझे सात वर्षांचे दरसाल १० टक्के. एवढीच दोन वर्षं चुकली आणि मला सरकारी रोख्याइतकंच मिळालं, आणि वाटेत ५९,००० चे २५,००० झालेले बघावे लागले ते वेगळंच. एप्रिल २००३ मध्ये तर कंपनीने पुढच्या वर्षाचा बेताचा अंदाज सांगितला आणि एका दिवसात शेअर चतुर्थांशाहून जास्त पडला.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. प्रत्यक्ष झालेल्या ४५ टक्के वाढीवर तोच हिशोब केला तर मार्च २००० ला १५ टक्के मिळायला कितीला घ्यायला हवा होता? सुमारे ३०,००० कोटींना, म्हणजे पीई १०४. अहो, शंभर पीईसुद्धा रास्त होता! पण शेवटी ३३ ऐवजी २० पीई मिळाला असता तर ६३ च. म्हणून मी ६० च्या पुढे गेलो नसतो.

---

निखिल_बंगळूरु | रविवार, संध्याकाळी ५:००

अण्णा, शेवटचा ३३ पीई इथे फार काम करतोय. २००५ पर्यंत रोख्यांचं व्याज ७ टक्क्यांपर्यंत उतरलं होतं म्हणून ३३ मिळाला. व्याज ११ च राहिलं असतं तर? तुमची २००१ ची खरेदीही इतकी छान दिसली नसती.

---

अण्णा_सातारा | रविवार, संध्याकाळी ५:२०

दिसली नसती. २०० वरून पीई खाली येणं अटळ होतं, पण ४३ वरून ३३ वरच थांबला यात व्याजाचा वाटा होता. ते माझं कौशल्य नव्हतं.

---

ओंकार_के | रविवार, संध्याकाळी ६:४५

नफा बघितला. मागच्या वर्षी १८ टक्के वाढलाय. पीईजी ३.३. आता विकू का?

---

सरळहिशोब | रविवार, संध्याकाळी ६:५५

मी विकला असता.

---

भोसरीकर | रविवार, रात्री ८:१०

ओंकारभाऊ, हातात किती वर्षांच्या ऑर्डर आहेत ते बघा आधी. आम्ही त्या क्षेत्राचे थोडे पार्ट करतो. तिथे ऑर्डर मिळणं आणि पैसे मिळणं यात वर्षं जातात. ऑर्डर सहा वर्षांच्या असतील तर १८ टक्के हा आकडा लवकरच जुना होईल. पण देण्याघेण्याचे दिवस वाढत असतील तर वेगळंच काही.

---

केतकी_नाशिक | सोमवार, रात्री ९:१५

दोन संध्याकाळी बसून मी त्या दुकानसाखळीचा उलटा हिशोब केला. नाव लिहीत नाही, म्हणजे चर्चा शेअरवर घसरणार नाही. चुकलं असेल तिथे सांगा.

बाजारमूल्य ३२,००० कोटी, नफा ४०० कोटी, पीई ८०. दुकानं २५०, म्हणजे दुकानामागे नफा १ कोटी ६० लाख. मला दहा वर्षं १३ टक्के हवेत, म्हणजे बाजारमूल्य सुमारे १,०८,६०० कोटी व्हायला हवं. दहा वर्षांनी पीई ३५ धरला तर नफा ३,१०० कोटी हवा. दरसाल २३ टक्के.

महागाईमुळे दुकानामागचा नफा दरसाल ५ टक्के वाढेल असं धरलं तर दहा वर्षांनी तो २ कोटी ६० लाख. मग दुकानं लागतात जवळजवळ १,२००. सध्या वर्षाला ४० च्या आसपास उघडतात. आधी मला वाटलं, ४० म्हणजे दहा वर्षांत ४००, हे जमणारच नाही. मग लक्षात आलं की दुकानं दरसाल १७ टक्के वाढली तर २५० ची १,२०० होतात, आणि पहिल्या वर्षी ४२ च लागतात. म्हणजे आज कंपनी बरोबर वेगात आहे. पण दहाव्या वर्षी एका वर्षात १७५ उघडावी लागतील. शेवटचा पीई ३५ ऐवजी २५ धरला तर दुकानं जवळपास १,७०० हवीत. तिथे माझा धीर सुटला.

मग भोसरीकरांचा प्रश्न विचारला. अहवालावरून नव्या दुकानामागे गुंतवणूक सुमारे १२ कोटी पडते. ४० दुकानं म्हणजे ४८० कोटी. नफा ४००, घसारा परत मिळवला तर हातात ५२०. म्हणजे आत्तापर्यंत स्वतःच्या पैशात भागतंय, पण उरत काही नाही. १२ कोटींवर १ कोटी ६० लाख, म्हणजे १३ टक्के. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे अशा वाढीला किंमत नाही. बरोबर ना?

---

अण्णा_सातारा | सोमवार, रात्री १०:०५

हिशोब चोख आहे. पण शेवटच्या पायरीवर थांबा. १ कोटी ६० लाख ही सगळ्या दुकानांची सरासरी. त्यात गेल्या दोन वर्षांत उघडलेली ७०-८० दुकानं आहेत, ती अजून रांगत असतील. तीन-चार वर्षं जुन्या दुकानाचा नफा २ कोटी ४० लाख असेल तर परतावा २० टक्के होतो, आणि मग ८० पीईचा विचार तरी करता येतो. जुनं दुकानही १ कोटी ७० लाखांवरच अडकलेलं असेल तर मी ३० पीईलाही घेणार नाही. तो आकडा मिळतोय का बघा.

---

केतकी_नाशिक | सोमवार, रात्री १०:३०

अहवालात सगळ्या दुकानांची मिळून बेरीजच आहे. जुन्या दुकानांच्या विक्रीची वाढ दिली आहे, नफा नाही.

---

भोसरीकर | मंगळवार, सकाळी ७:००

ताई, नाशकात त्यांचं पाच-सात वर्षं जुनं दुकान असेल ना? आणि एक नवंही? शनिवारी संध्याकाळी दोन्हीकडे अर्धा अर्धा तास बिलाच्या रांगेजवळ उभ्या राहा. किती काउंटर चालू आहेत, एका काउंटरवर किती माणसं, पिशवी केवढी. नफा कळणार नाही, पण दोघांत किती अंतर आहे ते कळेल. मी ग्राहकाला उधार द्यायच्या आधी त्याच्या गेटवर किती ट्रक आहेत ते मोजून येतो.

---

सरळहिशोब | मंगळवार, सकाळी ८:२०

मला अजूनही वाटतं की इतकं करायचं असेल तर १ च्या खालच्या दहा साध्या कंपन्या घेऊन झोपावं. ताई, दोन्ही दुकानांतलं मोजून आलात की इथे लिहा मात्र. मला वाचायचंय.

---

केतकी_नाशिक | मंगळवार, सकाळी ९:४५

गंगापूर रोडचं जुनं आहे, नवं मागच्या वर्षी इंदिरानगरकडे झालंय. या शनिवारी माझं दुकान सातला बंद करून दोन्हीकडे जाते.